दीड पानाचे निवेदन

माझ्या धाकट्या भावाला कंपनीकडून जे पत्र आले त्यात ‘काढले’ हा शब्द कुठेच नव्हता. पत्र इंग्रजीत होते, जेमतेम सात ओळींचे. आपण २७ फेब्रुवारी २०२३ पासून काही न कळवता गैरहजर आहात, ही गैरहजेरी आठ दिवसांहून अधिक झाली आहे, सबब आपण स्वतःहून नोकरी सोडली असे समजून १३ मार्चपासून आपले नाव मस्टरवरून कमी करण्यात येत आहे, असा त्याचा मजकूर. पत्रावर १५ मार्चची तारीख होती आणि स्पीड पोस्टाने ते १८ तारखेला घरी पोहोचले. त्या दिवशी भाऊ घरात अंथरुणावर होता, आणि त्याची ३१ मार्चपर्यंतची वैद्यकीय रजा याच कंपनीने लेखी मंजूर केलेली होती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कायदा माझा विषय नाही. पण पत्र तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की इथे भांडण आधी शब्दाचे आहे. काढून टाकणे म्हणजे बडतर्फ करणे. हा शब्द फारसीतून आलेला, उर्दूतही आहे आणि मराठीतही, आणि दोन्हीकडे त्यात काढणारा कोणीतरी असतो. ‘नोकरी सोडली असे समजून’ या शब्दांत मात्र काढणारा कोणीच उरत नाही. जो गेला तो आपल्या पायांनी गेला. आणि आपल्या पायांनी गेलेल्या माणसाची ना चौकशी करावी लागते, ना त्याला कारण द्यावे लागते. पत्र लिहिणाऱ्याने हे शब्द उगाच निवडले नव्हते.

भाऊ पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. तेव्हा त्याला महिना १८,६०० रुपये मिळत. २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला राज्य कामगार विमा, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, तो लागू असतो. त्याच्या पगारातून दरमहा १४० रुपये त्यासाठी कापले जात. खोकला जाईना म्हणून तो ६ फेब्रुवारीला ईएसआयच्या दवाखान्यात गेला आणि थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधे त्याच दिवसापासून सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याने एचआर विभागाला मेल करून रजा मागितली. ८ तारखेला उत्तर आले: ६ फेब्रुवारी ते ३१ मार्च वैद्यकीय रजा मंजूर, वैद्यकीय प्रमाणपत्रे सादर करत राहावीत, कामावर येताना फिटनेस प्रमाणपत्र आणावे.

पहिले तीन आठवडे ठीक गेले. ईएसआयचे डॉक्टर रजेचे प्रमाणपत्र एकदम दोन महिन्यांचे देत नाहीत. आधी पहिले प्रमाणपत्र, मग ठरावीक दिवसांनी मधली प्रमाणपत्रे आणि शेवटी कामावर जाण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, असा तो क्रम असतो. २६ फेब्रुवारीपर्यंतची सगळी प्रमाणपत्रे भावाने एचआरला मेल केली होती. मग त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले. क्षयाची औषधे काही जणांच्या यकृताला सोसत नाहीत, तसे झाले होते. २८ फेब्रुवारी ते ८ मार्च तो रुग्णालयात होता. औषधे काही दिवस थांबवून एकेक करून पुन्हा सुरू करावी लागली. घरी आल्यावर ९ मार्चला त्याने २७ फेब्रुवारी ते १२ मार्चचे प्रमाणपत्र आपल्या शिफ्टच्या सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर पाठवले. मेल केले नाही. सगळे प्रकरण या एका गोष्टीवर उभे होते.

पत्र आल्यानंतर दोन दिवसांनी एचआरमधून फोन आला. बोलणारा आवाज गोड होता. येऊन राजीनामा लिहून द्या, आठ दिवसांत सगळा हिशेब आणि अनुभवाचे प्रमाणपत्र देतो, मस्टरवरून नाव कमी झाल्याची नोंद राहिली तर पुढे नोकरी मिळायला त्रास होईल. भावाला ते पटू लागले होते. “आपा, आजारी माणसाला ठेवतील तरी कशाला? निदान कागद तर बरा मिळेल,” तो म्हणाला. अम्मीही तेच म्हणत होत्या. मी त्याला सांगितले की उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन केलेला समझोता. नोकरी सोडण्याच्या अर्जाला उर्दूत इस्तीफा म्हणतात. तू कशाला राजी आहेस ते आधी मला सांग. त्याला हसू आले, पण फोनवरच्या माणसाला त्याने ‘आठवड्याने कळवतो’ असे सांगितले, आणि ते फार बरे झाले. राजीनाम्यावर सही झाली असती तर ‘स्वतःहून सोडली’ हे कंपनीचे म्हणणे त्याच्याच अक्षरात सिद्ध झाले असते.

आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग राहतात. गिरणीत कामगार होते आणि अनेक वर्षे संघटनेचे काम केलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पत्र पाहून पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा नव्हता. “कंपनीत माणसे किती?” साधारण दीडशे, भाऊ म्हणाला. मग तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, चाचा म्हणाले. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली तशी दुरुस्ती झाली. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अशी समिती हवी, तिच्यात जितके सदस्य मालकाचे तितकेच कामगारांचे, जास्तीत जास्त सहा, आणि अध्यक्षपद एक वर्ष एका बाजूला तर पुढचे वर्ष दुसऱ्या बाजूला. लेखी अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत तिने काम संपवावे अशी अपेक्षा. भावाला साडेचार वर्षांत अशी समिती आहे हेच माहीत नव्हते. नोटीस बोर्डावर मात्र तिची यादी लावलेली होती, असे नंतर एका सहकाऱ्याने फोटो काढून पाठवला तेव्हा समजले.

चाचांनी दोन गोष्टी आणखी सांगितल्या. समितीकडे गेल्याने पुढचा रस्ता बंद होत नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कामगार न्यायालयात जाण्याचा हक्क तसाच राहतो. पण समितीची वाट पाहताना तारखा विसरायच्या नाहीत. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखालची तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. १३ मार्चपासून मोजले तर ११ जून. ही तारीख त्यांनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लाल शाईत गोल केली. (आम्हा शिक्षकांचे गणित वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे की शिक्षक या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत. खासगी शाळांतल्या शिक्षकांनी शाळा न्यायाधिकरणाकडे जायचे, आणि तेही ३० दिवसांत. हे मला त्या दिवशी कळले, वीस वर्षांच्या नोकरीनंतर.)

मग निवेदन. भावाने आधीच चार पाने लिहून ठेवली होती. त्यात सगळे होते. सुपरवायझर त्याच्यावर का चिडून होता, दिवाळीत ओव्हरटाइमवरून काय बोलाचाली झाली, कोणाला आजारपणात पूर्ण पगार मिळाला, आणि शेवटी असेही की ऑगस्टमध्ये आपली पाच वर्षे भरणार होती, ग्रॅच्युइटी द्यावी लागू नये म्हणूनच हे केले. शेवटची शंका मलाही होती. पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो आणि तो १ ऑगस्ट २०१८ ला लागलेला. पण मनातला हेतू समितीसमोर कशाने दाखवणार? ते वाक्य ठेवले असते तर पहिली दहा मिनिटे त्यावरच गेली असती आणि कंपनीने नाराज होऊन ‘आरोप सिद्ध करा’ म्हटले असते. मी चार पानांतली प्रत्येक ओळ घेऊन त्याला एकच विचारत गेले: याचा कागद आहे का? कागद नसलेली ओळ काढली. दीड पान उरले.

आजाराच्या नावावर आम्ही बराच वेळ बोललो. ते निवेदनात लिहायचे की नाही? प्रमाणपत्रावर ते होतेच, आणि प्रमाणपत्र एचआरच्या फाइलला होते. पण निवेदनाच्या सहा प्रती सहा जणांच्या हातात जाणार, त्यातले तीन त्याच्याबरोबर कँटीनमध्ये जेवणारे. क्षय म्हटल्यावर माणसे ताट दूर सरकवतात, हे आम्ही घराजवळच पाहिले आहे. म्हणून मजकुरात फक्त ‘आजार’ लिहिले आणि प्रमाणपत्रांची एकच प्रत बंद पाकिटात अध्यक्षांसाठी जोडली.

निवेदनाचा मुख्य भाग असा होता:

“मी १ ऑगस्ट २०१८ पासून मशीन शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून काम करतो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ईएसआय दवाखान्यात माझ्या आजाराचे निदान झाले. ८ फेब्रुवारी रोजी एचआर विभागाने मेल करून ६ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळाची वैद्यकीय रजा मंजूर केली. मेलची प्रत सोबत आहे.

१५ मार्चच्या पत्रात मी २७ फेब्रुवारीपासून गैरहजर असल्याचे म्हटले आहे. त्या तारखेला माझी मंजूर रजा चालू होती आणि ती संपायला ३२ दिवस बाकी होते. रजा रद्द केल्याचे मला कधीही कळवलेले नाही. कंपनीच्या स्थायी आदेशांनुसार रजेची मुदत संपल्यानंतर आठ दिवसांत कामगार परत आला नाही तर त्याचा नोकरीवरचा हक्क जातो. माझ्या बाबतीत ते आठ दिवस १ एप्रिलपासून मोजता आले असते. १३ मार्चला ते सुरूच झाले नव्हते.

२८ फेब्रुवारी ते ८ मार्च मी ईएसआय रुग्णालयात दाखल होतो. डिस्चार्ज कार्ड सोबत आहे. २७ फेब्रुवारी ते १२ मार्चचे प्रमाणपत्र मी ९ मार्च रोजी माझ्या शिफ्ट सुपरवायझरांना व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि त्यांनी ते पाहिल्याची खूण आहे. हे प्रमाणपत्र मी एचआरला मेल केले नाही. प्रमाणपत्र कोणाकडे व कसे पाठवायचे हे मंजुरीच्या मेलमध्ये लिहिलेले नाही. आमच्या शिफ्टमध्ये रजेचे सर्व निरोप सुपरवायझरांच्या याच क्रमांकावर दिले जातात.

फेब्रुवारी महिन्याची माझी पगारपावती सोबत आहे. तिच्यात हजर ४, साप्ताहिक सुटी १ आणि वैद्यकीय रजा २३ अशी नोंद आहे. या २३ दिवसांत २७ आणि २८ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस येतात.

नाव कमी करण्यापूर्वी मला नोटीस किंवा खुलाशाची संधी दिलेली नाही. त्या काळात मला ईएसआयचा आजारपणाचा लाभ मिळत होता. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे असा लाभ मिळत असताना कामगाराला काढता येत नाही आणि तशी दिलेली नोटीस लागू होत नाही.

माझी विनंती: १५ मार्चचे पत्र मागे घ्यावे, १३ मार्चपासूनचा काळ वैद्यकीय रजा धरावा आणि नोकरी सलग मानावी. डॉक्टरांनी योग्य ठरवल्यानंतर मी कामावर हजर होईन.”

यातले पगारपावतीचे वाक्य माझे आहे आणि त्याचा मला थोडा अभिमान वाटतो. शाळेत महिन्याअखेरीस हजेरीपटाची बेरीज जुळवण्याची सवय असते. हजर अधिक गैरहजर अधिक सुट्या मिळून महिन्याचे दिवस भरलेच पाहिजेत. भावाची पावती हातात आली तेव्हा मी सहज चार अधिक एक अधिक तेवीस केले. अठ्ठावीस. फेब्रुवारी पूर्ण. म्हणजे ७ मार्चला पगार काढताना कंपनीच्याच कार्यालयाने २७ आणि २८ तारीख वैद्यकीय रजेत धरली होती आणि आठच दिवसांनी त्याच दोन तारखांना ‘विनासूचना गैरहजर’ म्हटले होते.

कलम ७३ शेवटी ठेवायचा सल्ला चाचांचा. मला वाटले होते, एवढे भक्कम कलम आहे तर पहिल्याच ओळीत लिहू. ते म्हणाले, कायदा आधी वाचला की समोरचा वकिलाला फोन लावतो, आणि वकिलाकडे उत्तर तयार असते. त्यांनी ते उत्तरही समजावून सांगितले. १९६३ साली मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. तिथेही आजारपण होते आणि ईएसआयचे प्रमाणपत्र होते. पण कामगार रजा संपल्यानंतर आला नव्हता आणि स्थायी आदेशांनुसार त्याची नोकरी आपोआप संपली, मालकाने त्याला शिक्षा म्हणून काढले नाही, असे धरले गेले. ‘स्वतःहून सोडली’ या शब्दांचे मूळ इथे आहे. पुढे १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशांत काहीही लिहिले असले तरी माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याची रोजी अशी काढून घेता येत नाही. यादवांना अर्ध्या मागील पगारासह कामावर परत घ्यायला लावले. म्हणून आमच्या निवेदनाचा भर रजा संपलीच नव्हती यावर होता. गिरणीच्या खटल्यातला कामगार रजेनंतर उशिरा आला होता. भाऊ रजेच्या आत होता. हा फरक कागदावर स्पष्ट झाला की जुना निकाल आमच्या वाटेत येत नव्हता.

अर्ज २४ मार्चला दिला. त्याच दिवशी रमजान सुरू झाला. भाऊ स्वतः जाऊ शकत नव्हता, म्हणून मी शाळेतून अर्धी रजा काढून गेले. टपाल घेणाऱ्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. “मॅडम, मेल केला तरी चालतो,” तो मुलगा म्हणाला. मेलही केला आहे, मी म्हटले, तरी शिक्का द्या. ४५ दिवस मोजायचे तर सुरुवात कागदावर पाहिजे.

सुनावणी ११ एप्रिलला झाली. मला आत जाऊ दिले नाही, ते अपेक्षित होते. मी गेटजवळच्या बाकावर बसले होते. त्यामुळे आतले जे सांगते ते भावाने सांगितलेले आहे. सहा जणांपैकी पाच हजर होते. एचआरच्या अधिकाऱ्यांनी आधी आपली बाजू मांडली. मंजुरी ‘प्रमाणपत्रे सादर करत राहावीत’ या अटीवर होती, अट मोडली, म्हणून रजा आपोआप संपली. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. कामगारांच्या बाजूच्या पॅकिंग विभागातल्या एका बाईंनी विचारले, मग अट मोडल्याचे याला कळवले का? फोन केला होता, असे उत्तर आले. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर? ते सांगता आले नाही. भावाने आपला मोबाइल पुढे केला आणि फेब्रुवारी-मार्चमधले आलेले फोन पाहा म्हणाला. कोणी पाहिले नाहीत, पण प्रश्न तिथेच संपला.

मग सुपरवायझरना बोलावले. त्यांनी ९ मार्चचा फोटो मिळाल्याचे मान्य केले. एचआरला पुढे पाठवायचे राहून गेले, असे ते म्हणाले. भावाच्या चार पानांतला हाच तो माणूस. त्याच्याविरुद्धचा मजकूर निवेदनात असता तर तो इतक्या सरळ बोलला असता का, याची मला शंका आहे.

पगारपावती अध्यक्षांनी स्वतः वाचली. त्या वर्षी अध्यक्ष व्यवस्थापनाच्या बाजूचे होते. त्यांनी पावती एचआरच्या अधिकाऱ्यांकडे सरकवली आणि विचारले, हे २३ कोणी टाकले? सॉफ्टवेअरने, असे उत्तर मिळाले. भाऊ म्हणतो, त्यावर खोलीत सगळेच हसले, अध्यक्षसुद्धा.

शेवटचा प्रश्न अवघड होता. व्यवस्थापनाच्या एका सदस्यांनी विचारले, तुम्ही परत आलात तर बाकीच्यांना धोका नाही का? पाकिटातले प्रमाणपत्र वाचलेले होते तर. भावाने आधी ठरवल्याप्रमाणे एवढेच सांगितले की ते डॉक्टरांनी ठरवायचे आहे आणि फिटनेस प्रमाणपत्राशिवाय मी मशीनजवळ जाणार नाही. खरे तर औषधे नियमित सुरू झाली की या आजाराचा संसर्ग लवकर कमी होतो आणि थुंकीच्या तपासणीने ते दिसतेही. पण ते समजावून सांगायला तो बसला असता तर विषय रजेवरून आजारावर गेला असता.

निर्णय २ मेला लेखी मिळाला, ४५ दिवसांच्या आत. १५ मार्चचे पत्र मागे घेतले. १३ मार्चपासूनचा काळ डॉक्टर योग्य ठरवतील तोपर्यंत वैद्यकीय रजा, बिनपगारी. नोकरी सलग. चूक कोणाची याबद्दल एक शब्दही त्यात नव्हता, माफी तर नव्हतीच. भावाला ते लागले. मला नाही. आपण मागितलेल्या तीनही गोष्टी त्या कागदावर होत्या.

बिनपगारी म्हणजे घर कसे चालले, असे कोणी विचारील. पहिले ९१ दिवस ईएसआयकडून पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, तो महिन्याला साधारण तेरा हजार झाला. क्षयासारख्या काही दीर्घ आजारांत, दोन वर्षे नोकरी झालेली असेल आणि वर्गण्या भरलेल्या असतील, तर त्यापुढे ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो. पैसे उशिरा येत, पण येत. कंपनीने पगार दिला नाही यापेक्षा नाव मस्टरवर राहिले हे आम्हाला महत्त्वाचे होते.

यकृताच्या त्रासामुळे उपचार लांबले. डॉक्टरांनी २१ ऑगस्टपासून कामावर जाण्यास योग्य असल्याचे लिहून दिले. त्याआधी ३१ जुलैला भावाची पाच वर्षे भरली होती. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आजारपणाने आणि रजेने नोकरी खंडित होत नाही, आणि समितीच्या कागदावर ‘सलग’ हा शब्द होताच. परत गेल्यावर त्याला सहा महिने फक्त दिवसपाळी दिली, मशीनही दुसरे दिले. जुन्या शिफ्टमधले दोघे-तिघे पहिले काही दिवस जेवायला वेगळे बसत. मग एक दिवस बसायला लागले.

एक गोष्ट हातातून गेली. एप्रिल २०२३ ची वार्षिक पगारवाढ त्याला मिळाली नाही, कारण त्या तारखेला तो कंपनीच्या यादीतच नव्हता. निर्णयानंतर ती मागता आली असती की नाही यावर चाचांचे आणि माझे अजून एकमत नाही. निवेदनात आम्ही ती मागितली नव्हती, कारण २४ मार्चला ती नाकारलेलीच नव्हती.

वाचकांपैकी कोणाला हे आज करायचे असेल तर कायदा आता बदलला आहे हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातही वीस कामगारांची अट तीच आहे, समितीत मालक आणि कामगार निम्मे-निम्मेच आहेत, पण सदस्य दहापर्यंत असू शकतात. कामगाराने तक्रार घडल्यापासून एका वर्षात समितीकडे जायचे आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचे आहे. भावाच्या कंपनीत नवी समिती नेमली तेव्हा नोटीस बोर्डावरची यादी त्यानेच सगळ्यांच्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकली. पॅकिंगमधल्या त्या बाई तिच्यात आहेत.